दुधाच्या मुकुटाला किती जीबी लागतात?

आंब्याच्या शेकची जाहिरात असली की एक शॉट ठरलेला असतो. हापूसची जाड फोड वरून येते, दुधाच्या वाडग्यात पडते, दूध मुकुटासारखे वर उसळते, कडांवरून थेंब सुटतात आणि सगळे काही क्षणभर हवेत तरंगल्यासारखे दिसते. (आंबा-दूध एकत्र खाऊ नये म्हणणाऱ्या वैद्यांना जाहिरातवाले विचारत नाहीत.) शॉट चार सेकंदांचा. तो खऱ्या दुधावर चित्रित करता येतो, पण आता बऱ्याचदा संगणकावरच तयार होतो. तसे ठरले, की स्टुडिओतल्या मंडळींसमोर पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. दूध किती बारीक तुकड्यांत मोजायचे आणि ते मोजमाप साठवायला डिस्कवर किती जागा ठेवायची, यावर आधी बोलावे लागते. हा हिशेब चुकला तर मध्यरात्री डिस्क भरते आणि सकाळी अर्धवट सिम हाती येते.

दुधाचा असा मुकुट माणसाला दिसू लागला तो वेगवान छायाचित्रणामुळे. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी १९०८ मध्ये उसळत्या थेंबांच्या छायाचित्रांचे पुस्तकच काढले. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा रंगीत मुकुट तर आजही जाहिरातवाल्यांच्या डोळ्यांसमोर असतो. संगणकाने करून दाखवायचे असते ते हेच, पण तो दुधाकडे वेगळ्या रीतीने पाहतो.

ब्लेंडर किंवा हुडिनीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उसळत्या द्रवासाठी साधारणपणे ‘फ्लिप’ नावाची पद्धत वापरतात. ब्रॅकबिल आणि रुपेल यांनी ती १९८६ मध्ये मांडली. अ‍ॅनिमेशनमध्ये ती रुळली ती २००५ मध्ये झू आणि ब्रिडसन यांनी वाळूच्या हालचालीवर लिहिलेल्या निबंधानंतर. या पद्धतीत द्रव दोन रूपांत असतो. एक रूप कणांचे. हे कण द्रवाबरोबर वाहतात आणि आपापला वेग सोबत नेतात. दुसरे रूप घनाकृती खोक्यांच्या जाळीचे. दाब किती, कुठे ढकलायचे, भिंतीला कुठे अडवायचे हे गणित जाळीवर सुटते. दर पावलाला कणांचा वेग जाळीवर जातो, तिथे दुरुस्त होतो आणि पुन्हा कणांकडे येतो. या जाळीचे एक खोके केवढे, म्हणजेच रेझोल्यूशन.

ब्लेंडर फुकट मिळतो आणि शिकणाऱ्यांच्या हाती तोच असतो, म्हणून हा हिशेब त्याच्या भाषेत मांडलेला बरा. त्यातला द्रवाचा सध्याचा सॉल्व्हर, मँटाफ्लो, फेब्रुवारी २०२० मध्ये २.८२ या आवृत्तीबरोबर आला. जिथे सिम घडते त्या चौकटीला डोमेन म्हणतात, आणि `Resolution Divisions` या आकड्याने डोमेनच्या सर्वांत लांब बाजूचे तेवढे भाग पडतात. सर्वांत लांब बाजूचे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. थेंब चौकटीबाहेर जातात म्हणून कोणी डोमेन दीडपट लांब केले आणि आकडा तोच ठेवला, तर प्रत्येक खोकेही दीडपट मोठे होते. काल छान दिसणारे दूध आज खळीसारखे जाड दिसू लागते आणि कलाकार चिकटपणाच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

आता खोक्याचे माप. अनेकजण इथे १२८, २५६, ५१२ असे गोल आकडे टाकून पाहतात. त्यापेक्षा उलट दिशेने येणे शहाणपणाचे. कॅमेऱ्याला दिसायलाच हवी अशी सर्वांत लहान गोष्ट कोणती, तिथून सुरुवात करायची. समजा, वाडगा १६ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्यात ४ सेंटिमीटर दूध आहे. चित्रचौकट २० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य दाखवते आणि चित्र १९२० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण ०.१ मिलिमीटर. मुकुटाच्या टोकांवरून सुटणारे दोन मिलिमीटरचे थेंब या शॉटचा जीव. ते पडद्यावर वीसेक पिक्सेलचे, म्हणजे चांगलेच ठळक. असा थेंब नीट गोल राहायचा तर त्याच्या आडव्या मापात निदान दोन खोकी तरी हवीत. म्हणून खोके एक मिलिमीटरचे.

डोमेन २४ सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच धरले, तर सर्वांत लांब बाजूचे भाग होतात २४०. हा या शॉटचा पहिला प्रामाणिक आकडा.

तो पुरेसा आहे का, याची परीक्षा थेंबांपेक्षा मुकुटाच्या पातळ भिंतीवर होते. खऱ्या दुधाची ती भिंत मिलिमीटरपेक्षाही पातळ होत जाते. जाळीला मात्र एका-दोन खोक्यांपेक्षा पातळ पडदा धरून ठेवता येत नाही. कण एकमेकांपासून दूर जातात, मध्ये रिकामी खोकी पडतात आणि भिंतीला जाळीदार भोके दिसू लागतात. अनुभवी माणूस हे एका नजरेत ओळखतो. खरे दूध फाटते तेव्हा भोक कडेकडून वाढत जाते, सिममध्ये मात्र एकाच फ्रेममध्ये वीस भोके एकदम उमटतात. ती टाळायची तर खोके आणखी लहान करायचे, आणि खर्चाची गोष्ट इथेच सुरू होते.

मैसूरपाकाची मोठी वडी लांबीत, रुंदीत आणि जाडीत एकेकदा मधोमध कापली की आठ तुकडे होतात. खोके निम्मे केले की जाळीचेही तेच होते. एक मिलिमीटरवरून अर्ध्यावर आले, म्हणजे २४० वरून ४८० वर गेले, की खोकी आठपट. मात्र काळाचा खर्च आठपटीवरही थांबत नाही. खोके लहान झाल्यावर द्रव एका पावलात पूर्वीपेक्षा दुप्पट खोकी ओलांडतो. एका मर्यादेपलीकडे उड्या मारू दिल्या तर गणित बिघडते, म्हणून पावलेही दुप्पट करावी लागतात. आठ गुणिले दोन, सोळा. रेझोल्यूशन १२० ठेवून केलेल्या चाचणीला अर्धा तास लागला असेल, तर २४० ला आठ तास धरावेत. ते एका रात्रीत बसते. ४८० ला १२८ तास, म्हणजे पाच दिवसांहून जास्त. डिस्क किती लागेल हे पाहण्याआधीच बऱ्याच शॉटचे रेझोल्यूशन या एका गुणाकाराने ठरून जाते.

या शॉटला एक गोष्ट मदत करते, ती म्हणजे त्याची संथ गती. फोड ४० सेंटिमीटरवरून पडली तर दुधाला लागताना तिचा वेग सेकंदाला २.८ मीटर असतो. पडद्यावरच्या चार सेकंदांत प्रत्यक्षातला पाव सेकंदच दाखवायचा असेल, तर भारतीय टीव्हीच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने शंभर फ्रेम होतात आणि दोन फ्रेममधले अंतर येते अडीच मिलिसेकंद. तेवढ्या वेळात फोड सात मिलिमीटर, म्हणजे सात खोकी सरकते. एका पावलात जास्तीत जास्त चार खोकी अशी मर्यादा घातली, तर फ्रेममागे दोन पावले पुरतात. हाच शॉट खऱ्या वेगात हवा असता तर फोड एका फ्रेममध्ये ११२ मिलिमीटर गेली असती आणि फ्रेममागे २८ पावले लागली असती. ब्लेंडरमध्ये फ्रेममागे कमाल चार पावले हीच मूळ मर्यादा असते, म्हणून तिथे वेगवान वस्तू दुधाला न ढवळताच आरपार गेल्यासारखी दिसते. फोड पडली पण दूध जेमतेमच हलले, असे दिसले की रेझोल्यूशनला हात न लावता आधी पावलांची संख्या वाढवून पाहायची.

आता डिस्क. सिमचा प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर अवलंबून असतो. ऐंशीवी फ्रेम पाहायची तर आधीच्या एकोणऐंशी सोडवाव्या लागतात. त्या दर वेळी पुन्हा सोडवायला नकोत म्हणून उत्तरे फाइलींत लिहून ठेवतात. हाच कॅशे, आणि तो लिहिण्याच्या कामाला बेक करणे म्हणतात. ब्लेंडर त्यासाठी एक फोल्डर करतो. त्यात `data` नावाच्या उपफोल्डरमध्ये कण आणि जाळी जाते, तर `mesh` मध्ये त्यांच्यावरून काढलेला दुधाचा पृष्ठभाग. दोन्ही फोल्डर शेजारी असतात, पण दोघांची भूक अगदी वेगळी असते. जागेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो तो दोघांना एकाच मापाने मोजल्यामुळे.

आधी `data`. वाडग्यातले दूध साधारण ८०० घनसेंटिमीटर, म्हणजे आठ लाख घनमिलिमीटर, म्हणजे आठ लाख भरलेली खोकी. एका खोक्यात आठ कण धरले तर चौसष्ट लाख कण. प्रत्येक कणाची जागा सांगायला १२ बाइट, वेग सांगायला १२ आणि खूणचिठ्ठीला ४. अठ्ठावीस बाइटच्या हिशेबाने फ्रेममागे सुमारे १८० एमबी. याशिवाय जाळी. डोमेनमध्ये २४० गुणिले २४० गुणिले १८०, म्हणजे एक कोटीहून थोडी जास्त खोकी आहेत, बहुतेक नुसत्या हवेची. प्रत्येकात वेग आणि पृष्ठभागापासूनचे अंतर मिळून १६ बाइट, म्हणजे आणखी सुमारे १७० एमबी. एकूण ३५० एमबी. दिसणाऱ्या शंभर फ्रेमआधी दूध शांत व्हायला वीस फ्रेम द्यावे लागतात, कारण सिमच्या सुरुवातीला कण जागा घेत असताना पृष्ठभाग उगाचच थरथरतो. अशा १२० फ्रेमना ४२ जीबी.

हा कमाल अंदाज झाला. प्रत्यक्षात फाइली दाबून लिहिल्या जातात. ओपनव्हीडीबी या साठवणपद्धतीत रिकाम्या हवेची खोकी जवळजवळ फुकटच बसतात. ती ड्रीमवर्क्स स्टुडिओत केन म्यूसेथ यांनी घडवली आणि २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. शिवाय मँटाफ्लो द्रवाच्या खोल पोटात कण न ठेवता पृष्ठभागाजवळच्या पट्ट्यातच ठेवू शकतो.

आता `mesh`. दुधाचा पृष्ठभाग म्हणजे वरची तबकडी, तळ आणि कड. या वाडग्यात योगायोगाने तिन्हींचे क्षेत्रफळ सारखेच, सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येते. एकूण सहाशे. मेश जाळीच्या दुप्पट बारीक काढायची ब्लेंडरची मूळ सवय धरली, तर अर्ध्या मिलिमीटरचे सुमारे अडीच लाख चौकोन, म्हणजे पाच लाख त्रिकोण. उसळल्यावर पृष्ठभाग वाढतो म्हणून दहा लाख धरू. बिंदूंच्या जागा, दिशा, वेग आणि त्रिकोणांची यादी मिळून फ्रेममागे सुमारे ३० एमबी. १२० फ्रेमना साडेतीन जीबीच्या आसपास.

बेचाळीसच्या शेजारी साडेतीन. हा फरक रेझोल्यूशनबरोबर आणखी वाढतो, कारण `data` द्रवाच्या आकारमानाबरोबर वाढतो आणि `mesh` फक्त त्याच्या कातडीबरोबर. खोके निम्मे केले की पहिला आठपट होतो, दुसरा चारपटच. अर्ध्या मिलिमीटरला `data` ३३६ जीबी, तर `mesh` जेमतेम साडेचौदा. रेंडर करणाऱ्या यंत्राला लागते ती फक्त मेश. स्टुडिओतली नेटवर्क केबल सेकंदाला एक गिगाबिटची असेल तर ३५० एमबीची फ्रेम आणायला तीन सेकंद जातात आणि ३० एमबीची मेश पाव सेकंदात येते. वीस यंत्रे एकाच सर्व्हरवरून ओढत असतील, तर हा फरक थेट रेंडरच्या रांगेत दिसतो. म्हणून `data` सिम चालवणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या एसएसडीवर ठेवावा आणि सर्व्हरवर फक्त मेश चढवावी.

इथे ब्लेंडरचा एक सापळा आहे. कॅशेच्या सेटिंगमध्ये `Is Resumable` हा पर्याय असतो. तो लावला की जादा माहिती लिहिली जाते, डिस्क जास्त लागते, पण थांबलेले बेक पुढे चालू करता येते. जागा वाचवायला तो काढून टाकावासा वाटतो. मात्र डेटा आणि मेश वेगवेगळे बेक करण्याच्या `Modular` प्रकारात तो नसेल तर नंतर मेश बेकच करता येत नाही. रात्रभर डेटा तयार झाला आणि सकाळी मेशचे बटण दाद देत नाही, असा प्रसंग यामुळेच येतो. तो पर्याय नको असेल तर `All` प्रकार निवडून दोन्ही एकदमच बेक करावेत.

कागदावरच्या या अंदाजानंतर खरे मोजमाप. तेच डोमेन, तीच फोड, फक्त रेझोल्यूशन १२०. बेक झाल्यावर फाइली आकाराच्या क्रमाने लावायच्या आणि सर्वांत मोठी घ्यायची, पहिली नव्हे. पहिल्या फ्रेममध्ये दूध शांत असते, पृष्ठभाग लहान असतो आणि फाइल चांगली दाबली जाते. मुकुट पूर्ण उमलतो त्या फ्रेममध्ये आकार चढतो. समजा, ती सर्वांत मोठी फ्रेम २० एमबीची निघाली. २४० साठी ती १६० ची धरावी. गुणिले १२०, म्हणजे सुमारे १९ जीबी. मेशची सर्वांत मोठी फाइल मात्र आठाने न गुणता चाराने गुणायची. लिनक्सवर किंवा मॅकवर फोल्डरचा एकूण आकार एका ओळीत कळतो:

```
du -sh data mesh
```

आलेल्या आकड्यात एका आवृत्तीपुरतीच जागा मोजलेली असते. दिग्दर्शक ‘मुकुट थोडा डावीकडे हवा’ म्हणणार, ग्राहक ‘थेंब जास्त’ म्हणणार, आणि जुने सिम मोडायला कोणी धजावणार नाही, कारण परवाचेच बरे होते असेही म्हटले जाते. चालू आवृत्ती, तिच्या आधीची आणि सध्या लिहिली जात असलेली, अशा तीन `data` एका वेळी डिस्कवर असतात असे धरावे. एकोणीसचे झाले सत्तावन्न. वर थोडी मोकळी जागा ठेवली की ऐंशी जीबी. हे एका शॉटचे. जाहिरातीत असे चार शॉट असतील, तर लॅपटॉपच्या उरलेल्या जागेत हे काम करू नये.

डिस्क भरली की नेमके काय होते? सॉफ्टवेअर नेहमीच ओरडून सांगत नाही. अर्धवट लिहिलेली शेवटची फाइल तशीच पडून राहते आणि प्लेबॅकमध्ये त्या फ्रेमला दूध अचानक नाहीसे होते किंवा जागच्या जागी गोठते. फोल्डरमधले आकार पाहिले की लगेच कळते. चांगल्या सिममध्ये ते हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. मध्येच एखादी फाइल शेजारणींच्या एक चतुर्थांश आकाराची किंवा शून्य केबीची दिसली, तर तिथून पुढचे काही खरे नाही. दुसरी गडबड कॅशेच्या पत्त्याची. फाइल सेव्ह करण्याआधीच बेक केले, तर कॅशे तात्पुरत्या फोल्डरात जातो. विंडोजवर तो सहसा सी ड्राइव्हवर असतो आणि सिममुळे अख्खी यंत्रणा आचके देऊ लागते. बेकच्या बटणाला हात लावण्याआधी पत्ता मोठ्या डिस्कवर वळवून घ्यावा. रॅमही विसरू नये. सॉल्व्हर लिहितो त्यापेक्षा बरेच जास्त मनात धरतो. दाब, जुने वेग, भिंतींच्या खुणा या जाळ्या डिस्कवर जातीलच असे नाही, पण रॅममध्ये असतातच. ४८० ला अनेकदा आधी रॅम संपते, मग डिस्क.

या सगळ्या गणितात न बसणारी एक गोष्ट मात्र उरते, आणि दिग्दर्शकाशी खरा वाद तिच्यावरूनच होतो. रेझोल्यूशन वाढवले की तोच मुकुट नुसता जास्त स्पष्ट होत नाही. तो वेगळाच होतो. जाड जाळी द्रवाचा लहानसहान वेग खाऊन टाकते, म्हणजे नकळत दूध थोडे घट्ट करते. बारीक जाळीत तोच जोर शाबूत राहतो. मुकुट उंच जातो, टोके वाढतात, थेंब भलतीकडे उडतात. साठच्या रेझोल्यूशनवर दिग्दर्शकाने पसंत केलेला आकार २४० वर मिळत नाही आणि ‘मी हे मंजूर केलेच नव्हते’ असे तो म्हणतो, तेव्हा त्याचे बरोबर असते. साठ-सत्तरच्या चाचणीवर फक्त वेळ आणि चौकट ठरवावी. फोड केव्हा पडते, थेंब कॅमेऱ्याकडे येतात का, एवढेच. आकाराची मंजुरी घ्यायची ती १६० च्या आसपास, म्हणजे अंतिम मापाच्या दोन-तृतीयांशावर. तिथे डिस्क अंतिमच्या एक-तृतीयांशाहूनही कमी लागते आणि आकार पुरेसा जवळ असतो.

आणि तरीही थेंब कमी वाटले तर? लगेच ४८० कडे धावण्यात अर्थ नाही. सगळ्या दुधाचे रेझोल्यूशन वाढवणे म्हणजे वाडग्याच्या तळाशी कोणीही न पाहणाऱ्या दुधावरही पाच दिवस घालवणे. बारीक तुषार वेगळ्या कणांनी करता येतात. ब्लेंडरमध्ये `Spray` हा पर्याय आहे. हे कण मुख्य गणितात भाग न घेता नुसते उडतात आणि प्रत्येकाच्या जागी एक छोटा गोल बसवला की झाले. असे पन्नास हजार तुषार फ्रेममागे दोनेक एमबीत मावतात. पडद्यावर पाहणाऱ्याला मोठे थेंब सिमचे आणि लहान तुषार कणांचे, हा भेद कळत नाही, विशेषतः गतीची धूसरता लावली असेल तर. अडीच मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये शटर अर्धा वेळ उघडे असेल, तर वेगवान तुषार साडेतीन मिलिमीटरची रेघ ओढतो, आणि तिच्यात अर्ध्या मिलिमीटरचा बारकावा शोधायला कोणी जात नाही. खरा बारकावा दिसतो तो मुकुट वर जाऊन क्षणभर थबकतो तेव्हा. परीक्षेची फ्रेम निवडायची ती तीच.

शॉट मंजूर होऊन रेंडर झाला की आधी `data` उडवायचा. मेश मात्र जाहिरात प्रसारित होईपर्यंत ठेवावी, कारण ‘रंग थोडा पिवळा करा’ असा निरोप शेवटच्या आठवड्यातही येतो आणि त्याला पुन्हा सिम लागत नाही, रेंडर पुरते. मूळ प्रकल्प फाइल लहानशी असते आणि तिच्यावरून सिम पुन्हा बेक करता येते, म्हणून मेशही पुसावीशी वाटते. पण सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असेल, तर तोच मुकुट हुबेहूब परत येईलच असे नाही.